नागली बिस्किटांचे गुण आणि टी-टेस्ट: सेन्सरीचे आकडे नीट कसे तपासायचे

फूड टेक्नॉलॉजीच्या प्रबंधात एक तक्ता हमखास असतो. नमुन्याचं नाव, त्यापुढे सरासरी गुण, मग ± आणि एक आकडा. तक्त्याखाली एकच वाक्य: दोन नमुन्यांत सार्थक फरक आढळला नाही. नाशिकमध्ये प्रोजेक्टचे असे पेपर वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बिस्किटं नीट भाजलेली असतात, चव घेऊन गुण देणारं पॅनेलही नीट बसवलेलं असतं, पण शेवटच्या पानावर चुकीची चाचणी लावल्यामुळे निष्कर्ष उलटा निघतो. हे कसं होतं आणि कसं टाळायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे शिकण्यासाठी रचलेले आहेत. गणित मात्र पूर्ण खरं आहे, वही घेऊन सोबत करून पाहा.

उदाहरण नागलीचं घेऊ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात नागली भरपूर पिकते आणि तिची बिस्किटं हा विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे. समजा, नमुना अ म्हणजे नेहमीचं मैद्याचं बिस्किट, म्हणजेच कंट्रोल. नमुना ब मध्ये ३० टक्के मैद्याच्या जागी नागलीचं पीठ आहे. प्रश्न एवढाच: खाणाऱ्यांना या दोन बिस्किटांच्या आवडीत फरक वाटतो का?

चव घेण्याआधी

हा प्रश्न आणि त्याची चाचणी पॅनेल बसायच्या आधी वहीत लिहून ठेवा. सार्थकतेची पातळी ०.०५ घेणार, फरक दोन्ही बाजूंनी तपासणार, म्हणजे नागलीचं बिस्किट जास्त आवडण्याची शक्यताही मोकळी ठेवणार, हे आधीच ठरलेलं हवं. आकडे पाहिल्यावर चाचणी निवडली की जी चाचणी हवं ते उत्तर देते तीच निवडली जाते, आणि मग ०.०५ या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

नमुन्यांना अ, ब किंवा १, २ अशी नावं देऊन पॅनेलपुढे ठेवू नका. पहिला तो चांगला, असं मन परस्पर धरून चालतं. ४७२, ८१५ असे कोणतेही तीन अंकी कोड द्या. निम्म्या लोकांना आधी अ आणि निम्म्यांना आधी ब द्या, कारण पहिल्या घासाला बहुतेक वेळा थोडे जास्त गुण मिळतात. मध्ये साधं पाणी. नागलीचा तपकिरी रंग लपत नाही, त्यामुळे इथे पॅनेल पूर्ण अजाण राहत नाही. तुम्हाला फक्त चवीचं बोलायचं असेल तर रंगीत दिव्याखाली चाचणी घ्यावी लागेल. एकूण आवड विचारत असाल तर रंग हा त्या आवडीचाच भाग आहे, तो राहू द्या.

गुण नऊ पायऱ्यांच्या हेडॉनिक स्केलवर घ्यायचे. ९ म्हणजे अतिशय आवडलं, ७ म्हणजे बऱ्यापैकी आवडलं, ६ म्हणजे किंचित आवडलं, ५ म्हणजे आवडलंही नाही आणि नावडलंही नाही, १ म्हणजे अतिशय नावडलं. अमेरिकी सैन्याच्या खाद्यसंशोधन संस्थेत १९४० च्या दशकाच्या शेवटी ही पट्टी तयार झाली. जवानांना कोणतं जेवण आवडतं हे मोजायला ती बनवली होती, म्हणून ती आवडच मोजते. खुसखुशीतपणा किती, गोडी किती, हे प्रशिक्षित पॅनेलला विचारायचे प्रश्न आहेत आणि त्यांची पट्टी वेगळी असते.

आकडे मांडताना

एक ओळ, एक माणूस. हा नियम कधीही मोडू नका. दोन नमुन्यांचे गुण वेगवेगळ्या कागदांवर उतरवले आणि कोणते गुण कोणाचे हे हरवलं, तर पुढची सगळी ताकद तिथेच गेली.

| पॅनेल सदस्य | अ (मैदा) | ब (नागली ३०%) | फरक (अ − ब) |
|---|---|---|---|
| १ | ८ | ७ | १ |
| २ | ६ | ६ | ० |
| ३ | ९ | ८ | १ |
| ४ | ७ | ६ | १ |
| ५ | ५ | ५ | ० |
| ६ | ८ | ६ | २ |
| ७ | ७ | ७ | ० |
| ८ | ६ | ५ | १ |
| ९ | ९ | ८ | १ |
| १० | ७ | ७ | ० |

अ ची बेरीज ७२, म्हणून सरासरी ७.२. ब ची बेरीज ६५, सरासरी ६.५. फरकांची बेरीज ७, सरासरी ०.७.

प्रमाण विचलन हाताने

प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, हे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगतं. अ साठी करू. प्रत्येक गुणातून ७.२ वजा करा आणि उत्तराचा वर्ग करा. पहिल्या सदस्याचे ८ − ७.२ = ०.८, वर्ग ०.६४. दुसऱ्याचे ६ − ७.२ = −१.२, वर्ग १.४४. असे दहाही वर्ग मिळवले की १५.६ येतात. याला दहाने नव्हे, नऊने भागा: १.७३. त्याचं वर्गमूळ १.३२. हे अ चं प्रमाण विचलन. ब चं याच रीतीने १.०८ येतं.

नऊने का भागायचं? हे दहा लोक म्हणजे सगळं नाशिक नव्हे, त्यातला एक नमुना आहे. सरासरी याच दहा गुणांतून काढल्यामुळे हे गुण तिच्याभोवती जरा जास्तच जवळ दिसतात आणि दहाने भागलं तर पसारा खऱ्यापेक्षा कमी निघतो. एकाने कमी भाजकामुळे ती कसर भरून निघते. एक्सेलमध्ये म्हणूनच `STDEV.S` वापरायचं. `STDEV.P` दहाने भागतं.

आता १.३२ हा आकडा कशामुळे आला ते तक्त्यात पाहा. तिसरी आणि नववी व्यक्ती मोकळ्या हाताने गुण देतात, पाचवी व्यक्ती दोन्ही बिस्किटांना ५ वरच थांबते. पसाऱ्याचा मोठा भाग माणसांच्या गुण देण्याच्या सवयीचा आहे. बिस्किटाच्या फरकाशी त्याचा संबंध नाही. पुढचा सगळा मुद्दा या एका निरीक्षणावर उभा आहे.

फरक तपासणं

प्रत्येक माणसाने दोन्ही बिस्किटं खाल्ली आहेत. तेव्हा प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच करता येते आणि सढळ हाताचा, आखडत्या हाताचा हा भेद वजाबाकीत निघून जातो. तक्त्याचा शेवटचा रकाना तेच करतो. यापुढे काम फक्त त्या रकान्यावर.

फरकांची सरासरी ०.७. त्यांचं प्रमाण विचलन वरच्याच पद्धतीने काढा. वर्गांची बेरीज ४.१, भागिले ९, वर्गमूळ ०.६७५. कच्च्या गुणांचा पसारा १.३२ आणि १.०८ होता, फरकांचा जवळजवळ निम्मा झाला.

पुढची पायरी प्रमाण त्रुटीची. पुन्हा असेच दहा लोक बसवले तर ही ०.७ ची सरासरी किती हलेल, याचा तो अंदाज असतो. ०.६७५ ला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६२ ने भागा: ०.२१३. आणि टी म्हणजे सरासरी फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी: ०.७ ÷ ०.२१३ = ३.२८.

टीच्या कोष्टकात ९ स्वातंत्र्यमात्रांसाठी, म्हणजे दहा फरकांपेक्षा एकाने कमी, दोन्ही बाजूंनी ०.०५ पातळीवर २.२६२ हा आकडा दिलेला असतो. आपला ३.२८ त्याहून मोठा आहे, म्हणून फरक सार्थक. नेमकं पी मूल्य ०.०१ च्या किंचित खाली येतं.

ही चाचणी मुळात आपल्याच क्षेत्राची आहे. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करत होते. बार्ली आणि बिअरच्या मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत. थोड्या नमुन्यांना चालेल असं गणित त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. तेव्हा दहा जणांच्या पॅनेलवर टी-टेस्ट लावायला संकोच नको, फक्त योग्य प्रकारची लावा.

चुकीची चाचणी लावली तर

वर केली ती पेअर्ड टी-टेस्ट, म्हणजे एकाच माणसाच्या दोन गुणांची जोडी लावणारी. याच आकड्यांवर तिच्याऐवजी साधी, दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट लावून पाहू. तिला वाटतं की मैद्याचं बिस्किट दहा जणांनी खाल्लं आणि नागलीचं दुसऱ्याच दहा जणांनी. ती कच्चे पसारे वापरते, त्यामुळे प्रमाण त्रुटी ०.५४ होते आणि टी फक्त १.३०. अठरा स्वातंत्र्यमात्रांसाठी लागणारा आकडा २.१०१. पी मूल्य ०.२१ च्या आसपास, म्हणजे फरक नाही.

तेच दहा लोक, तीच बिस्किटं, तेच गुण, आणि निष्कर्ष उलटा. पेपरमध्ये मग छापून येतं की ३० टक्के नागली घातल्याने आवडीत फरक पडत नाही. पुढचा विद्यार्थी त्यावर विसंबून ४० टक्क्यांपासून सुरुवात करतो.

एक्सेलमध्ये ही चूक एका अंकावर होते. सूत्रातला शेवटचा अंक चाचणीचा प्रकार सांगतो: १ म्हणजे पेअर्ड, २ म्हणजे समान पसाऱ्याचे स्वतंत्र गट, ३ म्हणजे असमान पसाऱ्याचे. त्याआधीचा २ म्हणजे दोन्ही बाजूंनी तपासणी.

```
=T.TEST(B2:B11, C2:C11, 2, 1)
```

आर वापरत असाल तर:

```
A <- c(8,6,9,7,5,8,7,6,9,7)
B <- c(7,6,8,6,5,6,7,5,8,7)
t.test(A, B, paired = TRUE)
```

दुसऱ्याचा पेपर वाचतानाही ही चूक पकडता येते. दोन्ही नमुने त्याच पॅनेलने चाखले असं पद्धतीच्या भागात लिहिलेलं असतं आणि निकालात दहा जणांसाठी १८ स्वातंत्र्यमात्रा दिलेल्या असतात. तिथे ९ असायला हव्या होत्या.

पी मूल्य काय सांगतं

आवडीत खरोखर काहीच फरक नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी मूल्य सांगतं. आपल्या बाबतीत ती शंभरात एकाहून थोडी कमी आहे. फरक मोठा आहे की छोटा, हे ते सांगत नाही. नागलीचं बिस्किट नापास झालं, हे तर मुळीच नाही.

त्यासाठी विश्वास अंतराल काढा. ०.७ च्या दोन्ही बाजूंना २.२६२ × ०.२१३, म्हणजे ०.४८. खरा फरक ०.२ ते १.२ गुणांच्या दरम्यान असावा, असं हे आकडे म्हणतात. आता विचार करता येतो. नागलीच्या बिस्किटाला ६.५ मिळाले आहेत, म्हणजे ‘किंचित आवडलं’ आणि ‘बऱ्यापैकी आवडलं’ यांच्या मध्ये. मैद्यापेक्षा ते कमी आवडतं हे नक्की, पण ते नावडतं आहे असं एकाही पॅनेल सदस्याने म्हटलेलं नाही. सगळ्यात कमी गुण ५ आहेत. नागलीतलं कॅल्शियम आणि तंतू हवे असतील तर अर्ध्या-पाऊण गुणाचा तोटा चालेल का, हा निर्णय बिस्किट करणाऱ्याचा आहे. माझ्या मते पेपरच्या चर्चेत या एका वाक्याला जागा द्यायलाच हवी.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सार्थक फरक आढळला नाही याचा अर्थ बिस्किटं सारखी आहेत असा होत नाही. दहा जणांच्या पॅनेलला छोटा फरक दिसतच नाही. आणि ‘नाशिकच्या ग्राहकांना आवडतं’ असं लिहायचं असेल तर विभागातले दहा सहकारी पुरत नाहीत. रोज बिस्किट खाणारे निदान पन्नास ते शंभर लोक हवेत.

यंत्राच्या आकड्यांत लपलेली चूक

सेन्सरीत माणसं मोजायची असतात, यंत्राच्या मोजणीत बॅच मोजायच्या असतात, आणि इथे घोळ जास्त होतो. एका बॅचची बिस्किटं कुटली, पूड तीन डिशमध्ये घातली, हॉट एअर ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवली. ओलावा आला ३.१, ३.२ आणि ३.३ टक्के. सरासरी ३.२, प्रमाण विचलन ०.१. दिसायला सुंदर. पण हा ०.१ तुमच्या तराजूचा आणि हाताचा आहे, कृतीचा नाही. उद्या त्याच कृतीने कणीक मळून भाजलं आणि ४ टक्के ओलावा आला, तर तो फरक या ०.१ मध्ये कुठेच नव्हता.

म्हणून कृतींची तुलना करायची तर प्रत्येक कृतीच्या निदान तीन स्वतंत्र बॅच हव्यात. पीठ नव्याने वजन केलेलं, नव्याने मळलेलं, नव्याने भाजलेलं. टेक्श्चर ॲनालायझरवर प्रत्येक बॅचमधली दहा बिस्किटं मोडलीत तर आधी त्या दहांची सरासरी काढा, बॅचमागे एक आकडा ठेवा आणि चाचणी त्या तीन-तीन आकड्यांवर लावा. तेव्हा स्वातंत्र्यमात्रा ४ असतात आणि कोष्टकातला आकडा २.७७६. तीस बिस्किटांना तीस स्वतंत्र नमुने मानलं तर स्वातंत्र्यमात्रा ५८ होतात, आकडा २.०० वर उतरतो, शिवाय प्रमाण त्रुटीही खोटी लहान होते. मग प्रत्येक गोष्ट सार्थक दिसू लागते. दिंडोरीच्या बागेत एकाच घडाचे दहा मणी रिफ्रॅक्टोमीटरवर पिळले तर त्या घडाची गोडी कळते, बागेची नाही. इथेही तेच होतं.

दोनापेक्षा जास्त नमुने

मैदा, २०, ३० आणि ४० टक्के नागली असे चार नमुने असतील तर जोड्या सहा होतात. सहा वेळा टी-टेस्ट लावली तर कुठेही खरा फरक नसताना निदान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून साधारण २० टक्क्यांपर्यंत चढते. इथे आधी ॲनोव्हा, म्हणजे सगळ्या नमुन्यांची एकत्र तुलना करणारी चाचणी, करायची, आणि तीही पॅनेल सदस्य हा दुसरा घटक धरून, म्हणजे वरच्या वजाबाकीचा फायदा टिकतो. एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमध्ये तिचं नाव `Anova: Two-Factor Without Replication` असं दिसतं. एकच घटक धरणारी `Anova: Single Factor` निवडली तर सुरुवातीचीच चूक मोठ्या आकारात होते. ॲनोव्हा सार्थक आली की कोणते नमुने एकमेकांपासून वेगळे, हे तुकीच्या चाचणीने पाहायचं.

परीक्षक विचारतील तो प्रश्न

हेडॉनिक गुण हे क्रम आहेत. ६ आणि ७ मधलं अंतर ८ आणि ९ मधल्या अंतराएवढंच आहे, याची हमी नाही. मग सरासरी आणि टी कशी चालते, असं परीक्षक विचारू शकतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून विलकॉक्सनची साइन्ड-रँक चाचणी करून ठेवा. आपल्या तक्त्यात चार जणांचा फरक शून्य आहे, ते बाजूला ठेवा. उरलेल्या सहाही जणांनी मैद्याला जास्त गुण दिले आहेत. फरक नसता तर प्रत्येकाचा कौल कोणत्याही बाजूला जाण्याची शक्यता अर्धी-अर्धी, म्हणजे सहाही एकाच बाजूला पडण्याची शक्यता दोन्ही बाजू धरून ६४ पैकी २, म्हणजे ०.०३१. निष्कर्ष तोच राहतो. बरोबरीच्या गुणांमुळे सॉफ्टवेअर थोडा वेगळा आकडा दाखवेल, तो ०.०५ च्या खालीच राहील. दोन चाचण्यांची उत्तरं वेगळी आली असती तर मी आधी तक्ता पुन्हा पाहिला असता, एखाद्या सदस्याचा टोकाचा गुण सरासरीला ओढतो आहे का म्हणून.

लिहिताना

तक्त्यात ७.२ ± १.३ लिहिलंत तर ± नंतरचा आकडा प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी, हे तळटीपेत लिहा. या उदाहरणात अ ची प्रमाण त्रुटी ०.४२ आहे. काही जण तीच छापतात, कारण ती लहान दिसते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पॅनेलचं एकमत होतं. गुणांचा पसारा दाखवायचा तर प्रमाण विचलनच द्या. गुण पूर्णांकात घेतले असताना ७.२००० छापू नका. सॉफ्टवेअरने पी ०.०००० दाखवलं तर शून्य लिहू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा.

निकालाचं वाक्य असं होईल: दहा सदस्यांच्या पॅनेलने नागलीच्या बिस्किटाला मैद्याच्या बिस्किटापेक्षा सरासरी ०.७ गुण कमी दिले, ९५ टक्के विश्वास अंतराल ०.२ ते १.२, पेअर्ड टी-टेस्ट, `t(9) = 3.28, p < 0.01`. आणि दहा ओळींचा कच्चा तक्ता परिशिष्टात जोडा, सदस्यांची नावं काढून, क्रमांक ठेवून, म्हणजे वाचणाऱ्याला ती वजाबाकी स्वतः करून पाहता येईल.